ब्याण्णवाव्या दिवशी आलेल्या अटी

ठाण्यातल्या माझ्या मावसबहिणीच्या हॉलमध्ये 2025 च्या मे महिन्यात एक गादी भिंतीला टेकवून उभी होती. सहा फूट बाय पाच फूट, सहा इंच जाड, करड्या खोळीची. आतला फोम स्वतःच्याच वजनाने मधोमध वाकायचा, मग येता-जाता कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारून तिला सरळ करायचं. पलंगावर जुनी कापसाची गादी परत आली होती. नवीवर झोपावं तर एखादा डाग पडून कंपनीला निमित्त मिळेल, आणि विकावी तर अजून पैसे परत आलेले नाहीत. म्हणून ती तशीच उभी.

ताईने ही गादी एका कंपनीच्या वेबसाइटवरून घेतली होती. किंमत 14,999 रुपये, कूपन लावून 13,499. घ्यायचं मुख्य कारण म्हणजे पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं आश्वासन: शंभर रात्री झोपून बघा, नाही आवडली तर पूर्ण पैसे परत, गादी आम्ही घरून मोफत घेऊन जाऊ. दुकानात गादीवर दोन मिनिटं बसून काही कळत नाही, हे तिला पटलेलं होतं. दोन महिने झोपल्यावर कंबर धरायला लागली. कंपनीच्या सांगण्यावरून आणखी काही दिवस काढले. शेवटी 9 मेला तिने परत न्या म्हणून मेल टाकला.

उत्तर 13 मेला आलं, आणि त्यात चार अटी होत्या. गादी मूळ पॅकिंगमध्ये हवी. ती कंपनीच्याच प्रोटेक्टरसह वापरलेली असावी आणि त्याचं बिल जोडावं. घेऊन जाण्याचा खर्च 1,499 रुपये ग्राहकाने भरावा. आणि ऑर्डरला कूपन लावलेलं असल्यामुळे पैसे बँकेत न येता कंपनीच्या वॉलेटमध्ये जमा होतील. म्हणजे त्या पैशांनी पुन्हा त्यांचीच गादी घ्यायची.

ताईचा पहिला प्रश्न अगदी बरोबर होता. "हे आधी कुठे लिहिलं होतं?" सगळं प्रकरण या एका प्रश्नावर फिरतं. तरी बहुतेक लोक तो विचारून थांबतात, त्याचं उत्तर कागदावर शोधायला जात नाहीत. शोधण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी.

वस्तू आवडली नाही म्हणून परत करण्याचा सरसकट हक्क भारतातला कायदा देत नाही. सदोष वस्तू, चुकीची वस्तू, जाहिरातीत सांगितली तशी नसलेली वस्तू यांची गोष्ट वेगळी. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अशी वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. पण धडधाकट गादी फक्त अंगाला मानवली नाही, तर कायदा स्वतःहून तुमच्या मदतीला येत नाही. युरोपात येतो. तिथे ऑनलाइन घेतलेली वस्तू चौदा दिवसांत कारण न देता परत करता येते. एका जर्मन ग्राहकाने गादीवरचं प्लास्टिक काढून मग ती परत करायची म्हटली, तेव्हा विक्रेत्याने स्वच्छतेचं कारण पुढे करून नकार दिला. हा वाद युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेला. 27 मार्च 2019 रोजी न्यायालयाने सांगितलं की गादी ही अंगावर घालून बघितलेल्या कपड्यासारखी आहे. ती साफ करून, निर्जंतुक करून पुन्हा विकता येते, म्हणून प्लास्टिक काढल्याने परत करण्याचा हक्क जात नाही.

आपल्याकडे असा आधार नाही. म्हणून आपल्याकडच्या शंभर रात्री म्हणजे निव्वळ कंपनीने दिलेला शब्द. ऐकायला हे कमकुवत वाटतं, पण तसं ते नाही. त्या शब्दाच्या भरवशावर तुम्ही पैसे भरले की तो शब्द कराराचा भाग होतो. आणि एकदा झालेला करार बदलायचा तर दोन्ही बाजूंनी हो म्हणावं लागतं, हे आपल्या 1872 च्या करार कायद्यात, कलम 62 मध्येच आहे. कंपनीने ऑर्डरनंतर वेबसाइटवरचा मजकूर बदलला, तर तो पुढच्या ग्राहकांसाठी. तुमच्यासाठी तुमच्या ऑर्डरच्या दिवशीचं पान. त्यामुळे ज्या अटी त्या पानावर खरंच होत्या, त्या तुम्हाला पाळाव्या लागतात, हेही ओघाने आलंच.

तेव्हा आम्ही ते पान शोधायला बसलो. ताईकडे स्क्रीनशॉट नव्हता. गादी घेताना कोण स्क्रीनशॉट काढतं? पण ऑर्डर पक्की झाल्याचा 4 फेब्रुवारीचा मेल होता, आणि त्याच्या तळाशी शंभर रात्रींची चाचणी आणि घरून मोफत परतपाठवणी असं स्पष्ट छापलेलं होतं. बिलावर काहीच नव्हतं. मग web.archive.org वर गेलो. ही साइट इंटरनेटवरच्या पानांच्या तारखेनिशी प्रती ठेवते. तिथे कंपनीच्या पानाचा पत्ता टाकला तर जानेवारीअखेरची प्रत मिळाली. प्रत्येक पानाची प्रत तिथे असतेच असं नाही, आमचं नशीब. त्यात अटी दोनच होत्या: किमान तीस रात्री वापरलेली असावी, आणि डाग किंवा फाटलेलं नसावं. आजच्या पानावर मात्र 'परतपाठवणी शुल्क लागू होऊ शकते' अशी एक ओळ नव्याने बसलेली. दोन्ही पानं शेजारी-शेजारी ठेवून छापून घेतली, तेव्हा ताई पहिल्यांदा जरा हसली.

आता एकेक अट घेऊ, कारण प्रत्येकीची जात वेगळी आहे.

मूळ पॅकिंगची अट सगळ्यात गमतीची. ऑनलाइन गादी येते ती गुंडाळीच्या रूपात. कारखान्यात ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून आतली हवा काढतात, यंत्राखाली दाबून पातळ करतात आणि मग गुंडाळतात. घरी आल्यावर पिशवी कापायची, की गादी श्वास घेतल्यासारखी फुगते आणि दोन-तीन दिवसांत पुरती भरते. ती पिशवी कापल्याशिवाय उघडतच नाही, आणि फुगलेली गादी घरातली चार माणसं वर बसली तरी पुन्हा त्या खोक्यात जात नाही. म्हणजे वापरून बघा म्हणायचं, आणि ज्याने वापरली त्याला पूर्ण करताच येणार नाही अशी अट घालायची. ही अट मूळ पानावर असती तरीही ती आश्वासनाच्या मुळावरच येणारी होती. इथे तर ती नव्हतीच.

वाहतूक खर्चाच्या अटीमागे मात्र खरं अर्थकारण आहे, आणि ते कळलं की कंपन्या असं का वागतात तेही कळतं. कुरिअरवाले वस्तूचं नुसतं वजन बघत नाहीत, ती किती जागा खाते तेही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुधा 5000 ने भागायचं. जो आकडा येईल तेवढे किलो धरतात. ताईची गादी गुंडाळी होऊन आली तेव्हा साधारण 152 सेंटिमीटर लांब आणि 35 बाय 35 जाडीची होती, म्हणजे हिशोबाने 37 किलो. तीच फुगलेली गादी 183 बाय 152 बाय 15, म्हणजे 83 किलोंच्या वर. जाताना दुपटीहून जास्त भाडं, शिवाय साध्या कुरिअरने ती जातच नाही, टेम्पो लागतो. वर वापरलेली गादी नवी म्हणून विकता येत नाही. एकूण परत येणारी गादी ही कंपनीला जवळपास बुडीत. शंभर रात्रींची जाहिरात करताना हा खर्च धंद्याच्या गणितात धरलेला असतो, निदान असायला हवा. परत करणारे अंदाजापेक्षा जास्त निघाले की तो ग्राहकावर ढकलायचा मोह होतो. मोह समजू शकतो, पण पैसे भरून झालेल्या ग्राहकावर नाही. ताईच्या मेलमध्ये 'मोफत' हा शब्द होता, तेवढ्यावर हा मुद्दा संपला.

प्रोटेक्टरची अट अर्धी खरी, अर्धी चलाखी. डाग नसावा हे रास्त आहे, आणि गादी परत द्यायची शक्यता असेल तर पहिल्या रात्रीपासून कुठलातरी जलरोधक प्रोटेक्टर घालावाच. चहाचा एक डाग पडला तर मग मूळ पानावरचीच अट तुमच्या विरुद्ध जाते आणि तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. पण तो आमच्याच ब्रँडचा हवा, हे कुठे लिहिलं होतं? ताईने बाजारातला प्रोटेक्टर वापरला होता आणि गादी स्वच्छ होती. आम्ही खिडकीच्या उजेडात दोन्ही बाजूंचे, चारही कोपऱ्यांचे आणि शिवणीचे फोटो काढले, सोबत त्या दिवशीचा पेपर ठेवून.

वॉलेटच्या अटीला उत्तर 'पैसे परत' या शब्दांतच होतं. वॉलेटमधली रक्कम म्हणजे पैसे नव्हेत.

इथे जाहिरातींच्या नियमांचा एक बारकावा सांगावासा वाटतो, कारण तो मराठी वाचकाच्या कामाचा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार खालची बारीक टीप वरच्या दाव्याचा खुलासा करू शकते. पण दाव्याच्या उलट जाऊ शकत नाही आणि महत्त्वाची माहिती लपवू शकत नाही. शिवाय टीप त्याच भाषेत हवी ज्या भाषेत दावा केला. म्हणजे वर मराठीत 'शंभर रात्री मोफत' आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत अटी, हे नियमात बसत नाही. तशी जाहिरात दिसली तर कापून ठेवा.

अटींइतकीच फसवी गोष्ट म्हणजे दिवसांची मोजणी. गादी ताईच्या घरी 11 फेब्रुवारीला आली. त्या रात्रीपासून मोजलं तर शंभरावी रात्र 21 मेची. ऑर्डरच्या तारखेपासून मोजलं तर 14 मेची. कंपनीचा प्रतिनिधी फोनवर दुसरा हिशोब सांगत होता, आणि त्यांच्याच पानावर 'डिलिव्हरीपासून' असं लिहिलेलं होतं. दुसरा प्रश्न: मुदतीत काय घडलं पाहिजे? विनंती पोचली पाहिजे, की गादी उचलली गेली पाहिजे? पानावर वेगळं काही नसेल तर विनंतीची तारीखच धरायला हवी, कारण टेम्पो कधी पाठवायचा हे ग्राहकाच्या हातात नसतं. कंपनीच्या विलंबाने मुदत संपली असं कंपनीलाच म्हणू दिलं तर मुदतीला अर्थच उरणार नाही. म्हणूनच फोनवर सांगून भागत नाही. ताईने एप्रिलमध्ये दोनदा फोन केले होते. दोन्ही वेळा "मॅडम, अजून पंधरा दिवस बघा, बॉडी अ‍ॅडजस्ट होते" असं ऐकून तिने फोन ठेवला, आणि त्याची नोंद कुठेच नाही. कामाला आला तो 9 मेचा मेल. तो अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी गेला होता.

त्या मेलमध्ये तिने एक चूक मात्र केली होती. गादी मध्ये दबल्यासारखी वाटते, असं लिहिलं. लगेच प्रतिनिधीने तिला वॉरंटीच्या रांगेत उभं केलं: गादीवर सरळ काठी ठेवा, मधल्या खड्ड्यात पट्टी उभी धरा, फोटो पाठवा, खड्डा एक इंचापेक्षा कमी असेल तर तो दोष धरत नाही. खड्डा अर्ध्या इंचाचाही नव्हता. वॉरंटीत दोष सिद्ध करावा लागतो, चाचणीत काहीच सिद्ध करायचं नसतं. 'काय बिघडलं आहे?' या सोज्वळ प्रश्नाला लांबलचक उत्तर दिलं की तुम्ही एका हक्कातून उठून दुसऱ्या, कमकुवत हक्कात जाऊन बसता. परत करताना एकच वाक्य पुरे: चाचणीच्या मुदतीत गादी मला पसंत पडली नाही, आपल्या आश्वासनानुसार ती घेऊन जावी आणि पूर्ण रक्कम मूळ खात्यावर परत करावी.

आम्ही दुसरा मेल असाच लिहिला. सोबत 4 फेब्रुवारीचा मेल, पानाची जुनी प्रत, फोटो. आणि एक प्रश्न: या चार अटी माझ्या ऑर्डरच्या दिवशी कुठे होत्या, ते दाखवा. याचं उत्तर शेवटपर्यंत आलं नाही. उलट फोन आला की खास तुमच्यासाठी सवलत म्हणून भाडं निम्मं करतो, लिंकवर 'मान्य आहे' एवढं दाबा. ताईचं बोट जवळजवळ गेलंच होतं. करार बदलायला दोघांची संमती लागते म्हणालो ना, ती संमती अशीच घेतात. एकदा ते बटण दाबलं की नवी अट तुमच्या मर्जीने आली असं म्हणायला कंपनी मोकळी.

15 मेला तोच मेल कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवला. ई-कॉमर्स नियमांनुसार अशा अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क वेबसाइटवर असावाच लागतो. त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. ग्राहक सेवेचा नंबर म्हणजे हा अधिकारी नव्हे. त्याचा पत्ता बहुधा पानाच्या अगदी तळाशी, गोपनीयता धोरणाच्या शेजारी दडलेला असतो. पोच चौथ्या दिवशी आली. त्यानंतर शांतता. 22 मेला एक आपोआप आलेला संदेश: आपली चाचणीची मुदत संपली आहे.

मग 1915. हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. तक्रार फोनवर, वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर नोंदवता येते आणि ती कंपनीकडे पाठवली जाते. हेल्पलाइन हे न्यायालय नव्हे. ती कंपनीला आदेश देऊ शकत नाही, फक्त दोघांत समेट घडवायला बघते. पण इथे तुमची तक्रार कॉल सेंटरच्या मुलांच्या टेबलावरून उठून वरच्या माणसाकडे जाते, आणि वरच्या माणसाला तेरा हजारांसाठी आयोगासमोर वकील उभा करायला किती खर्च येतो ते ठाऊक असतं.

तेवढ्यावर भागलं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोग होताच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनी बंगळुरूची असो की दिल्लीची, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते; ताईची ठाण्यात. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. मसुदा लिहिताना एक खाच सांभाळायची. उत्साहाच्या भरात लोक 'हा अन्यायकारक करार आहे' असं मथळ्यात लिहितात. पण 2019 च्या कायद्यात अन्यायकारक करारांच्या तक्रारी राज्य आयोगाकडे जातात, जिल्हा आयोगाकडे नाही, आणि कंपनीचा वकील पहिला आक्षेप तिथेच घेतो. आपलं म्हणणं साधं ठेवावं: दिलेलं आश्वासन पाळलं नाही, ही अनुचित व्यापारी प्रथा आणि सेवेतली त्रुटी. बाकी, कायद्यात निकालासाठी तीन महिने लिहिले आहेत म्हणून तीन महिन्यांत निकाल लागेल असं धरून बसू नये. प्रत्यक्षात बरीच वाट बघावी लागते.

हा सगळा मार्ग खुला असतो तो गादी कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घेतली असेल तर. तीच गादी मोठ्या ऑनलाइन बाजारातून घेतली, तर तिथला परतीचा नियम बहुधा आठ-दहा दिवसांचाच असतो, आणि शंभर रात्री फक्त थेट खरेदीवर, असं कंपनीच्या पानावर आधीपासूनच लिहिलेलं असतं. ती छुपी अट म्हणता येत नाही. चारपाचशे रुपये वाचवायला तिथून घेणाऱ्यांनी हे आधी बघावं.

ताईच्या बाबतीत 1915 वर तक्रार नोंदवल्यावर नवव्या दिवशी फोन आला. वेगळा आवाज, वेगळी भाषा. पॅकिंग नको, प्रोटेक्टरचं बिल नको, पैसे बँकेतच. फक्त भाड्याचे 1,499 वजा करू का? ताई म्हणाली, "मेलमध्ये मोफत लिहिलंय ना? मग नाही." पलीकडे थोडी शांतता, आणि मग "ओके मॅडम."

जूनच्या पहिल्या पावसात दोन मुलं टेम्पो घेऊन आली. त्यांच्याकडे गादी नेल्याची पावती नव्हती. ताईने वहीचं पान फाडलं, तारीख, वेळ, टेम्पोचा नंबर, 'गादी डागविरहित स्थितीत मिळाली' असं लिहून सही घेतली आणि मुलांचा गादीसकट फोटो काढला. गादी लिफ्टमध्ये मावेना, म्हणून तिची मधून घडी घालून सुतळीने बांधली आणि पाचव्या मजल्यावरून जिन्याने नेली. कुठे नेणार विचारलं तर धाकटा म्हणाला, भिवंडीच्या गोडाऊनला, तिथे अशा खूप आहेत. 24 जूनला 13,499 रुपये खात्यात आले. ताई अजून कापसाच्या गादीवरच झोपते. यंदा ती पिंजून घ्यायचीय, पण पिंजारी कुठे मिळतो ते तिला कुणी सांगू शकलेलं नाही.